मदत हवी आहे: खाऱ्या पाण्यावरच्या स्लॅबला काचतंतूच्या सळ्या घालायच्या आहेत, १२ ऐवजी १० मिमी चालतील का?

भरतीरेषा:
आमच्या लहान धक्क्याचा स्लॅब खालून फुटला आहे. हातोडीने ठोकलं की जागोजागी पोकळ आवाज येतो, आणि खपली सुटली की आतली सळई पेन्सिलीएवढी उरलेली दिसते. पाण्याचा शिंतोडा रोजचाच, त्यामुळे पुन्हा लोखंड घालायची माझी इच्छा नाही.

मोजमाप असं: बीम ते बीम ३ मीटर, स्लॅब १५० मिमी, खालून १२ मिमीच्या सळ्या १५० मिमी अंतरावर, कव्हर ४० मिमी. वर माल ठेवतात, दर चौरस मीटरला साधारण टनभर धरा. बीम शाबूत आहेत. ते ठेवून फक्त स्लॅब नवा करायचा आहे.

ठेकेदार म्हणतो, काचतंतूची सळई लोखंडाच्या दुप्पट ताकदीची असते, तेव्हा त्याच अंतरावर १० मिमी पुरे. पैसे वाचतील हे खरं, पण मनाला पटत नाहीये. कुणी असं काम केलंय का?

साइटबाबा:
ठेकेदाराचं चूक नाही. तुटायची ताकद खरंच जास्त असते, शिवाय वजन लोखंडाच्या पावपट, एक माणूस मोळी उचलतो. आम्ही कुंपणाच्या भिंतीच्या पायात वापरल्या, चार वर्षांत काही झालं नाही. बिनधास्त घाला.

निळा_पत्रा:
आमच्या इमारतीच्या खांबांना असंच कापड गुंडाळून वरून रेझिन मारलं होतं. छान झालं. पण आतली गंजलेली सळई आधी साफ करून घ्या, नाहीतर आतल्या आत फुगत राहते.

भरतीरेषा:
@निळा_पत्रा ते बाहेरून लावायचं कापड. माझा प्रश्न काँक्रीटच्या आत घालायच्या सळ्यांचा आहे. पण साफसफाईचं लक्षात ठेवतो, बीमच्या बाहेर आलेल्या सळ्यांना ते लागू आहेच.

तुळई_आणि_खांब:
भरतीरेषा, तुमची शंका बरोबर आहे, १० मिमी घालू नका. पायाखाली माती असते, तिथे सळईला फारसं कामच नसतं. साइटबाबांचा अनुभव म्हणूनच तुमच्या ३ मीटरच्या अधांतरी स्लॅबला लागू होत नाही.

ताकद दुप्पट असेल, पण ताठपणा लोखंडाच्या पावपट आहे. लोखंड २०० जीपीए, काचतंतू ५० च्या आसपास. स्लॅबला तडा गेला की पुढचा सगळा ताठपणा सळईवर येतो. तुमच्याच मापांवर गणित केलं. तडा गेल्यावर आत्ताच्या स्लॅबचा ताठपणा १०० धरा. तेवढ्याच काचतंतूच्या १२ मिमी सळ्या घातल्या तर तो ३१ होतो. ठेकेदाराच्या १० मिमीने २३. म्हणजे स्लॅब लगेच तुटणार नाही, पण चौपट झुलेल आणि पूर्ण भारात सळई लोखंडापेक्षा पाचपट ताणली जाईल. तडे तितकेच रुंद होतील. सळईला गंज नाही म्हणून नियमावल्या रुंद तडे चालवून घेतात, साधारण ०.५ ते ०.७ मिलिमीटरपर्यंत. त्यापलीकडे नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही मोघम लिहिलीत: माल येतो-जातो की कायम पडून असतो?

भरतीरेषा:
अर्धा भाग कायम भरलेलाच असतो. ह्याने काय फरक पडतो?

तुळई_आणि_खांब:
खूप. सतत ताणाखाली राहिलेली काचतंतूची सळई तिच्या ताकदीपेक्षा बऱ्याच कमी ताणावर काही वर्षांनी अचानक तुटू शकते, आणि लोखंडासारखी आधी लांबून इशारा देत नाही. एसीआय ४४०.११ ही काचतंतूच्या सळ्यांची अमेरिकन नियमावली कायमचा ताण ताकदीच्या ३० टक्क्यांवर थांबवते, तेही वातावरणाची कपात लावल्यानंतर. दाखल्यावर ८०० एमपीए असेल तर कपातीनंतर ६८०, त्याचे ३० टक्के साधारण २००. तुमच्या १० मिमीवर भरलेल्या भागात ताण २९० च्या पुढे जातो. माझा नकार मुख्यतः ह्यासाठी आहे, झोलापेक्षाही.

मी स्लॅब १८० मिमी केला असता आणि १६ मिमीच्या सळ्या १५० अंतरावर घातल्या असत्या. ताण १०० च्या खाली येतो, ताठपणा ८५ होतो. ह्याच सळ्या १५० च्या स्लॅबमध्ये घातल्या तर तो ५० पर्यंतच जातो. जाडी वाढवली की सळईची कामाची खोलीही वाढते, त्यामुळे ३० मिमी काँक्रीट जास्तीच्या सळ्यांपेक्षा उपयोगी पडतं. हे प्राथमिक गणित आहे. झोल, कातर आणि बीमवर वाढणारं वजन तुमच्या अभियंत्याला तपासू द्या.

अल्कली_शंका:
पण काच आणि सिमेंट जमत नाही ना? प्रयोगशाळेत अल्कली द्रावणात ठेवलेल्या सळ्यांची ताकद भराभर उतरते, हे मी वाचलंय.

तुळई_आणि_खांब:
खरं आहे. पण त्या चाचण्या गरम द्रावणात, सळई सतत बुडवून ठेवून होतात. कॅनडात प्रत्यक्ष वापरातल्या पाच बांधकामांतून ५ ते ८ वर्षांनी तुकडे कापून काढले, त्यात १९९९ च्या नोव्हा स्कोशियातल्या हॉल्स हार्बरच्या धक्क्याचाही होता. सूक्ष्मदर्शकाखाली काचेची झीज दिसली नाही. मात्र ८ वर्षं म्हणजे ५० नव्हेत, त्यामुळे कपात लावायचीच. आणि सळई कोणत्या रेझिनची, कोणत्या काचेची, हे लेखी मागा. व्हिनाइल एस्टर आणि ई-सीआर काच असावी. पॉलिएस्टरची स्वस्त सळई अल्कलीत टिकत नाही.

साइटबाबा:
माझा हिशोब चुकला, मान्य. साइटवरच्या दोन गोष्टी सांगतो. एक, ही सळई जागेवर वाकवता येत नाही. आमच्या पोराने टॉर्चने गरम करून हूक केला, तर वाक्याच्या बाहेरच्या बाजूला पांढरी रेघ उठली आणि नखाने तंतू सुटायला लागले. हूक कारखान्यातूनच करून आणा. दुसरं, सळई काँक्रीटपेक्षा हलकी, व्हायब्रेटर चालला की वर तरंगते. खुर्च्यांना बांधून पुन्हा खालच्या शटरिंगलाही बांधा. ओतताना एकदा आमचं कव्हर ७० झालं होतं.

अल्कली_शंका:
कारखान्यातला वाक तरी सरळ सळईइतकाच मजबूत असतो का?

तुळई_आणि_खांब:
नाही, बऱ्याचदा निम्म्यावर येतो. म्हणून शक्य तिथे सरळ सळई लांब नेऊन गाडावी.

भरतीरेषा:
म्हणजे १० मिमीचा विषय संपला. आता एकच अडतंय. बीममधून वर आलेल्या लोखंडी सळ्या नव्या स्लॅबमध्ये जाणार, तिथे पाणी शिरलंच तर गंज त्या टोकांपासून सुरू होईल. त्या कापून बीममध्ये काचतंतूचे डॉवेल भोक पाडून बसवावेत का?

तुळई_आणि_खांब:
बीमचं क्लोराइड मोजलंय का? काँक्रीटची भुकटी सळईच्या खोलीपर्यंत काढून बघा. तिथे मीठ पोचलं असेल तर डॉवेल कुठलेही घाला, पुढचा गंज बीमच्या आतच होईल, आणि मग बीम ठेवायचे की नाही हाच प्रश्न उरेल. ह्यावर माझं मत नमुने आल्याशिवाय देणार नाही.

भरतीरेषा:
दोन बीममधून नमुने काढायला सांगतो. ओहोटीची वेळ बघून करावं लागेल, आकडे आले की इथेच टाकतो.