‘अनलिमिटेड’ पॅक दुपारीच आटतो, कोणता घ्यावा? सल्ला हवा

रेवती_संगमेश्वर
नमस्कार मंडळी. रोज २ जीबीचा आणि वर ‘अनलिमिटेड ५जी’ असं लिहिलेला पॅक घेतला आहे. मी घरून व्हिडिओ कॉलवर इंग्रजीची शिकवणी घेते, दुपारी एक तास आणि संध्याकाळी एक. मधल्या वेळात सासरे माझ्या हॉटस्पॉटवर कीर्तनं बघतात. संध्याकाळच्या वर्गाला बसले की मुलांचे चेहरे गोठतात आणि आवाज तुटतो. ‘आजचा ९०% डेटा वापरला’ असा मेसेज त्याआधीच येऊन पडलेला असतो. पॅक अनलिमिटेड असेल तर ९०% कशाचे? दुसऱ्या कंपनीचं सिम घेऊ, मोठा पॅक मारू की घरी वायफाय घेऊ?

बबनराव_चिपळूण
ताई, अनलिमिटेड म्हणजे कॉल हो. एसएमएस मात्र दिवसाला १००च. दिवाळीत शंभर शुभेच्छा गेल्या की पुढच्या प्रत्येकाला पैसे कापतात. मी म्हणून सकाळीच सगळ्यांना पाठवून मोकळा होतो.

रेवती_संगमेश्वर
काका, माझा प्रश्न नेटचा आहे, एसएमएसचा नाही 🙂

नियमावर_बोट
सरळ तक्रार टाका. दूरसंचार नियामक ट्रायचा स्पष्ट नियम आहे, कोटा संपल्यावरही ५१२ केबीपीएसच्या खाली वेग आणता येत नाही. कंपन्या राजरोस नियम मोडतात आणि आपण गप्प बसतो.

जुनाखांब
आकडा बरोबर आहे, जागा चुकली. ५१२चं बंधन ट्रायच्या ऑक्टोबर २०१६च्या निर्देशात आहे, पण ते घरात केबलने येणाऱ्या ब्रॉडबँडसाठी. मोबाइलसाठी कंपनीवर सांगण्याची सक्ती आहे: किती डेटापर्यंत कोणता वेग, आणि त्यानंतर कोणता. रेवतीताईंना येतो तो ९०%चा मेसेजही त्याच निर्देशातला, अर्धा कोटा संपल्यावरही एक येतो. नंतरचा वेग किती असावा याला मोबाइलवर खालची हद्द नाही. म्हणून जिओ, एअरटेल, व्ही यांच्या रोजच्या कोट्याच्या पॅकखाली बारीक अक्षरात ६४ केबीपीएस असतं, बीएसएनएलच्या बऱ्याच पॅकांत ४०.

आता ६४ म्हणजे किती ते बघा. हे किलोबिट आहेत, आपल्या फायली किलोबाइटमध्ये मोजतात, म्हणजे आठाने भागायचं. सेकंदाला ८ केबी उरले. चार एमबीचा एक फोटो पाठवायला आठ मिनिटांहून जास्त लागतात, आणि तोवर बहुतेक अ‍ॅप कंटाळून ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणतात. तासाला फार तर २९ एमबी. ताईंचा कोटा दुपारी तीनला संपला तर मध्यरात्रीपर्यंत, एक सेकंद न थांबता उतरवत राहिलं तरी, २६० एमबी हातात पडतील. अनलिमिटेड या शब्दाचा कागदावरचा अर्थ एवढाच, की नेट बंद करणार नाही आणि जादा पैसे लावणार नाही. जाहिरात खोटी ठरत नाही आणि वर्गही होत नाही.

हा साचा जिओने रुळवला. सप्टेंबर २०१६ मध्ये फुकटात वाटलं तेव्हाही दिवसाला ४ जीबीची हद्द होती, जानेवारी २०१७ मध्ये ती १ जीबी केली. त्यानंतरचा वेग तेव्हा १२८ होता. पुढे तो निम्म्यावर आला, आणि फारसं कोणी ओरडलंही नाही.

निनाद_ठाणे
एपीएन बदला, म्हणजे फोन कंपनीच्या नेटला कुठून जोडला जातो ती सेटिंग. सेटिंगमध्ये जाऊन नवीन एपीएन टाकला की वेग परत येतो, यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत. नाहीतर व्हीपीएन लावा.

जुनाखांब
निनाद, वेग तुझ्या फोनमध्ये कापलेलाच नसतो. कंपनीच्या मुख्य यंत्रणेत तुझ्या नंबरासमोर ‘कोटा संपला’ अशी नोंद पडते आणि तिथूनच धार बारीक होते. फोन बदल, एपीएन बदल, नंबर तोच. व्हीपीएनने तर उलट थोडा डेटा जास्तच जातो, कारण प्रत्येक पाकिटाला वेष्टन चढतं.

निनाद_ठाणे
पण माझ्याकडे एकदा खरंच चाललं होतं.

जुनाखांब
रात्री बारानंतर केलं असशील. कोटा मध्यरात्री नव्याने भरतो. किंवा कोटा संपलेलाच नसेल, टॉवरवर गर्दी असेल आणि सेटिंग बदलताना फोन दुसऱ्या टॉवरला चिकटला असेल. दोन्ही वेगळं ओळखता येतं. वेग मोजून बघ: कोटा संपल्यावर आकडा ०.०६ एमबीपीएसच्या आसपास खिळून बसतो, पुन्हा मोजलं तरी तोच. गर्दी असेल तर तो वरखाली नाचतो आणि रात्री उशिरा सुधारतो. फक्त वेग मोजणारं अ‍ॅप कोटा शिल्लक असताना उगाच चालवू नकोस, चांगल्या ५जीवर एका मोजणीत काहीशे एमबी जातात.

रेवती_संगमेश्वर
माझा ०.०६च येतो, आत्ताच बघितलं. पण मग ‘अनलिमिटेड ५जी’चं काय? फोनही ५जीचा आहे.

जुनाखांब
तीच खरी मेख आहे. २ जीबीची हद्द ४जीच्या डेटाला आहे, ५जीवर गेलेला त्यात धरत नाहीत. पण फोन ५जीवरून ४जीवर उतरला की त्या क्षणापासून तुमच्या २ जीबीतून वजा व्हायला लागतं, आणि फोन तसं काही विचारत नाही. जुलै २०२४च्या दरवाढीपासून जिओ आणि एअरटेलने अनलिमिटेड ५जी साधारण २ जीबी रोजच्या आणि वरच्या पॅकांनाच ठेवलं. दीड जीबीवाल्यांना तेही नाही.

घर कसलं आहे? चिऱ्याचं का?

रेवती_संगमेश्वर
हो, जुनं चिऱ्याचं. शिकवणी माजघरात घेते. पडवीत ५जी दिसतं, आत आलं की बहुतेक वेळा ४जी.

जुनाखांब
मग कोडं सुटलं म्हणायला हरकत नाही. ५जीचा मोठा वाटा ३५०० मेगाहर्ट्‌झच्या आसपास चालतो, आणि त्या लहरी जाड भिंतीतून आत शिरताना फार मार खातात. ७०० मेगाहर्ट्‌झ आत चांगलं पोचतं, पण २०२२च्या लिलावात ते एकट्या जिओने घेतलं, आणि तुमच्या टॉवरवर ते चालू आहे की नाही हे घरात बसूनच कळेल.

हिशेब मांडा. व्हिडिओ कॉलला तासाला अर्धा ते एक जीबी जातो. दोन वर्गांचे दीड धरा. कीर्तन ४८०पी चित्रावर तासभर बघितलं की आणखी अर्धा. झाले २. त्यात फोटोंचा बॅकअप, अ‍ॅपचे अपडेट आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आपोआप उतरणारे व्हिडिओ धरा. संध्याकाळच्या वर्गाला काही उरत नाही यात नवल नाही.

पैसे घालण्याआधी एक तपासणी करा. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये आजचा शिल्लक डेटा बघून ठेवा, पडवीत बसून दहा मिनिटं व्हिडिओ चालवा, थोड्या वेळाने पुन्हा शिल्लक बघा, कारण आकडा लगेच बदलत नाही. मग तेच माजघरात. पडवीत शिल्लक हलली नाही आणि माजघरात हलली, तर पॅक बदलून काही होणार नाही, जागा बदला. फोनच्या सेटिंगमधल्या डेटा वापरावर जाऊ नका, तो ४जी आणि ५जी एकत्र मोजतो. वरच्या पट्टीवरच्या ५जीच्या चिन्हावरही फार भरवसा ठेवू नका.

कॅफेवाली_म्हापसा
मध्येच बोलते. आमच्या कॅफेत ५जीचं सिम राउटरमध्ये घालून गिऱ्हाइकांना वायफाय देत होतो. काही आठवड्यांनी कंपनीचा मेसेज आला की वापर वैयक्तिक वाटत नाही, आणि ५जीचा फायदा काढून घेतला. दुकानदार तर म्हणाला होता, ‘कितीही वापरा’!

नियमावर_बोट
बघा! ही फसवणूक नाही तर काय?

जुनाखांब
एअरटेलच्या अटीत ३० दिवसांना ३०० जीबी अशी रेघ आहे, त्यापुढचा वापर व्यावसायिक समजतात. बाकीच्या अटींतही वैयक्तिक वापराची भाषा असते. कॅफेत सिम चालवणं त्यात बसत नाही. पण ही रेघ जाहिरातीच्या मोठ्या अक्षरात नसते, इथे मी तुमच्या बाजूने आहे. रेवतीताईंचा वापर तिच्या जवळपासही जाणार नाही. मात्र घरून घेतलेली पैशाची शिकवणी वैयक्तिक की व्यावसायिक, याचं छातीठोक उत्तर माझ्याकडे नाही.

सीमा_नाशिक
रेवतीताई, मी रात्री काम करते म्हणून व्हीचा हिरो पॅक घेतला. रात्री बारा ते सहा मोकळं आणि उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरता येतो. तुमचे वर्ग दुपारी-संध्याकाळी, तेव्हा रात्रीचा उपयोग नाही. शिल्लक मात्र तुम्हाला राहतच नाही म्हणता 😅

रेवती_संगमेश्वर
तपासणी केली. काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, पडवीत दहा मिनिटांत आकडा जागचा हलला नाही, माजघरात शंभर एमबीच्या वर गेले. पण पडवीत समोरच रस्ता, एसटी गेली की मुलांना काही ऐकू येत नाही. शिवाय पावसाळ्यात तिथे बसताच येत नाही.

जुनाखांब
मग तिसरा मार्ग. तुमच्या गल्लीपर्यंत फायबर आलं आहे का, ते केबलवाल्याला विचारा. तिथेही अनलिमिटेडला हद्द असते, पण मोठ्या कंपन्यांत ती महिन्याला ३३०० जीबीच्या घरात, दोन वर्ग आणि कीर्तनं यांनी ती दिसणारही नाही. फायबर नसेल तर छतावर पेटी बसवून ५जीने चालणारं घरगुती नेट मिळतं, जिओच्या त्या सेवेत महिन्याची हद्द १००० जीबी. पेटी भिंतीबाहेर असल्याने चिऱ्याचा प्रश्न मिटतो. आधी सासऱ्यांच्या फोनवर ३६० करून द्या, कीर्तनाला चित्र थोडं पुसट चालतं, आवाज तोच राहतो. आणि वर्गाच्या दिवशी अडलंच तर एक जीबीचं टॉप-अप मारा, पण त्याची मुदत वाचून. काही आता एकाच दिवसाची आहेत, रात्री अकराला मारलं तर तासात वाया.

नियमावर_बोट
आणि टॉप-अपचाही कोटा संपला तर परत ६४! मी तर तक्रार करणारच. मोबाइलला ५१२ का नको, हे तरी कोणी सांगा.

जुनाखांब
तक्रार जरूर करा, फक्त ‘नियम मोडला’ असं लिहू नका, ‘नियम करा’ असं लिहा. कंपन्या म्हणतील, एका टॉवरची हवा सगळ्यांत वाटलेली असते, केबलसारखी घरटी वेगळी नसते. त्यात तथ्य आहे. पण त्यातून ६४च का, १२८ का नाही, हे निघत नाही.

बबनराव_चिपळूण
माझा पॅक २८ दिवसांचा आहे, महिन्याचा म्हणून दिला होता. वर्षाला तेरा वेळा मारावा लागतो. याच्यावर पण बोला कोणीतरी.

सीमा_नाशिक
काका, त्याला वेगळा धागा काढा. ३० दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला संपणारा असा एकेक पॅक प्रत्येक कंपनीने ठेवायचाच, असा ट्रायचा आदेश २०२२चा आहे. अ‍ॅपमध्ये खाली सरकवत जा, कुठेतरी तळाशी सापडेल.

रेवती_संगमेश्वर
केबलवाल्याशी बोलले. फायबर वाडीच्या तोंडापर्यंत आलं आहे, आमच्यापर्यंत आणायला तो चार घरं मिळून मागतोय. दोन तयार आहेत. कोणी अशी वायर ओढून घेतली असेल तर खांबाचा खर्च कोणाच्या माथी पडतो, ते सांगा.