सहा लाखांचं पॅकेज, हातात साडेअडतीस हजार: ही फसवणूक आहे का?

निखिल_०३: कॅम्पसमधून पुण्यातल्या कंपनीची ६ लाख सीटीसीची ऑफर आलीये. बाराने भागलं तर महिना ५० हजार होतात. एचआर म्हणते इनहँड ३८ च्या आसपास. बाकीचे कुठे जातात? ही सरळ फसवणूक नाही का?

पगारपत्रक: ऑफर लेटरच्या शेवटी पगाराचा तक्ता असतो, तो उघड. बहुतेक असं दिसेल. ६ लाखांत व्हेरिएबल ६० हजार, ते वर्षअखेरीस आणि कंपनीच्या मर्जीने. बेसिक महिना २० हजार धरलं तर कंपनीचा पीएफ त्याच्या १२ टक्के, म्हणजे २,४००, वर्षाचे २८,८००. ग्रॅच्युइटीपोटी साधारण ११,५००. मेडिक्लेमचा हप्ता ५,७०० धरू. हे झाले १,०६,०००, आणि यातलं काहीच महिन्याच्या पगारात येत नाही. उरले ४,९४,०००, म्हणजे महिना ४१,१६७. यातून तुझ्या वाट्याचा पीएफ २,४०० आणि व्यवसाय कर २०० गेला (फेब्रुवारीत ३००) की ३८,५६७. एचआर खोटं बोललेली नाही.

सडेतोड_सुनील: म्हणजे कायदेशीर फसवणूक! कंपनीने भरायचा पीएफ माझ्याच पॅकेजमध्ये कसा मोजतात? पीएफ योजनेत स्पष्ट लिहिलंय की मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. तक्रार करा.

पगारपत्रक: नियम बरोबर सांगितलात, लागू चुकीच्या जागी केलात. ठरलेल्या पगारातून कंपनीने स्वतःचा हिस्सा कापला तर तो गुन्हा. इथे ठरलेला पगारच ४१,१६७ आहे आणि कंपनीचे २,४०० त्याच्या वर आहेत. सीटीसी हा पगार नाही, तुझ्यावर होणारा कंपनीचा खर्च आहे. शिवाय ते २,४०० निखिलच्याच खात्यात जमतात. मला खटकते ती ग्रॅच्युइटी. कायम नोकरीत पाच वर्षं काढल्याशिवाय ती मिळत नाही, आणि पहिल्या नोकरीत पाच वर्षं कोण काढतं? तरी आकडा फुगवायला ती बरी पडते.

मंजिरी_नाशिक: व्हेरिएबलचं मी सांगते. माझ्या आधीच्या कंपनीत ते १० टक्के होतं. पहिल्या वर्षी निम्मं मिळालं, दुसऱ्या वर्षी 'बिझनेस टार्गेट' झालं नाही म्हणून शून्य. शिवाय पैसे द्यायच्या तारखेला तुम्ही नोकरीवर पाहिजे, राजीनामा दिलेला असेल तर विसरा. कर्जाचा हप्ता काढताना ते धरूच नको रे.

अमोल_के: टीडीएस विसरलात की! ४ लाखांच्या वर स्लॅब सुरू होतो. ३८ नव्हे, ३६ धर.

पगारपत्रक: स्लॅब सुरू होतो, पण कर लागत नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. निखिलचा टीडीएस कापला गेला, तर त्याने जुनी प्रणाली निवडली आहे का ते आधी बघावं.

निखिल_०३: थँक्यू सर. मग इनहँड वाढवायचा काही मार्ग?

पगारपत्रक: एकच. पहिली नोकरी आहे आणि बेसिक १५ हजारांच्या वर आहे, तर रुजू होताना फॉर्म ११ मध्ये पीएफ नको असं लिहून देता येतं. मात्र आधी कुठे पीएफ कापला गेला असेल तर हा रस्ता सहसा बंद. आणि कंपनीचे २,४०० तुला भत्ता म्हणून देणार का, हे ईमेलवर विचार. दिले तर हातात ४३ हजारांच्या वर येतील. नाही दिले तर कंपनीचा फायदा, तुझा तोटा.

मंजिरी_नाशिक: दादा, बावीस वर्षांच्या पोराला हे सांगताय? पीएफ सक्तीचा होता म्हणून माझ्याकडे आज काही शिल्लक आहे.

पगारपत्रक: ताई, पुण्यात खोलीचं भाडं, मेस आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता असेल तर महिन्याला ४,८०० हा मोठा फरक आहे. त्याचं त्याने ठरवावं.

सडेतोड_सुनील: पण कॉलेजच्या फलकावर '६ लाख पॅकेज' छापतात, तिथे इनहँड छापायला काय जातं?

निखिल_०३: तक्ता बघितला. बेसिक १७,५०० आहे आणि पीएफ दोन्ही बाजूंनी १,८०० च दाखवलाय. १७,५०० चे १२ टक्के २,१०० होतात ना?

पगारपत्रक: १५ हजारांच्या कमाल मर्यादेवर कापतायत, चालतं ते. पण नव्या कामगार संहितेत भत्ते निम्म्यापेक्षा जास्त झाले तर जादा भाग वेतनात धरतात, त्यामुळे ग्रॅच्युइटीचा आकडा बदलू शकतो. तुमची कंपनी रचना बदलणार आहे का, ते एचआरलाच विचारावं लागेल.