रविवारचा पिक्चर: ‘किल्ला’ की ‘नारबाची वाडी’?

ताई,

गेल्या रविवारचा घोळ सापडला. मी इथून स्क्रीन शेअर केली तेव्हा आई म्हणत होती, “आवाज येता, पण चित्र खंय?” तुझ्याकडेही काळंच दिसत होतं ना? पैसे भरून बघायच्या ॲपवरचा पिक्चर असा शेअर केला की बहुतेक वेळा पडदा काळा पडतो, कॉपी होऊ नये म्हणून. नेटचा दोष नव्हता, मी उगाच राउटर तीनदा बंद-चालू केला.

आता असं करू. तू तुझ्या टीव्हीवर लाव, आम्ही वेंगुर्ल्यात आमच्या. फोन फक्त तोंडं बघायला. एक-दोन-तीन म्हणून एकदम सुरू करायचं आणि फोन टीव्हीपासून लांब ठेवायचा, नाहीतर तुझ्या टीव्हीचा आवाज आम्हाला दुसऱ्यांदा ऐकू येतो. कोणी पाणी प्यायला उठलं की दोन्हीकडे थांबवायचं.

पिक्चर मी ‘किल्ला’ म्हणतो. ‘अशी ही बनवाबनवी’ आईला पाठ आहे, पण फोनवरून हसू मागाहून पोचतं आणि तेवढ्यात पुढचा विनोद हुकतो. ‘किल्ला’त बोलणं कमी, समुद्र-पाऊस जास्त, त्यामुळे मधे बोललं तरी चालतं. अकरा वर्षांचा चिन्मय, वडील गेलेले, आईची कोकणात बदली, नवी शाळा. पावसात मित्र त्याला किल्ल्यावर सोडून निघून जातात, तिथे जरा थांबव आणि भाच्याला विचार. त्याचीही शाळा नुकतीच बदललीय.

काका म्हणतात ‘श्वास’ लाव, आजोबा-नातवाचा आहे, मुलांना आवडेल. आजोबा-नातू खरंच, पण नातवाला डोळ्याचा कॅन्सर असतो आणि ऑपरेशनने दृष्टी जाणार असते. सात वर्षांच्या पोराला मी तो दाखवणार नाही.

आईला मात्र ‘नारबाची वाडी’ हवाय. खोताचा मुलगा म्हाताऱ्या नारबाला दरमहा पैसे द्यायचं कबूल करतो, तो मेला की वाडी आपली, आणि नारबा काही मरत नाही! दिलीप प्रभावळकर झकास. पण आई दहाव्या मिनिटाला आपल्या माडांच्या हद्दीवर घसरेल, मग पिक्चर राहिला बाजूला.

आपले रात्री साडेआठ, तुझे सकाळचे अकरा. नोव्हेंबरात तुमची घड्याळं मागे गेली की दहा.

तुझा,
बारका

*

बारक्या,

‘किल्ला’ चालेल. लेक विचारतोय, त्यात तोफा आहेत का. मी हो म्हणून बसलेय, आता तू निस्तर.

हद्दीचं आईला बोलू दे रे, मला ते ऐकायचंय.

आणि ‘श्वास’ मला आईबरोबर बघायचाय, पोरगा झोपल्यावर. माझे रात्री नऊ म्हणजे तुमचे सकाळचे साडेसहा. तेव्हा ती चुलीपाशी असते ना? चहा देऊन टीव्हीसमोर बसवशील?

ताई