शेंडी दिसली तरी आधी चोच बघा

"पांगऱ्यावरच्या फोटोत काळं डोकं आणि शेंडी दिसतेय, म्हणजे बुलबुलच ना?"

एवढ्यावर बुलबुल म्हणू नका. आपल्या मराठवाड्यात पांगरा, काटेसावर फुलली की मधासाठी भांगपाडी मैनाही येते. तिच्याही डोक्यावर काळी शेंडी असते, पण ती मागे मानेवर सपाट लोळते. लालबुड्या बुलबुलाची शेंडी आखूड आणि टोकदार उभी राहते, मात्र घाबरला की तोही ती पाडून बसतो. शेपटीच्या पांढऱ्या टोकावरही जाऊ नका, ते दोघांनाही असतं. फोटो मोठा करून चोच बघा. बुलबुलाची चोच पूर्ण काळी असते. भांगपाडीची चोच पिवळी, बुडाशी निळसर, आणि डोळ्यामागे उघड्या कातडीचा फिकट ठिपका. छाती-पोट बदामी-तांबूस असेल तर मैनाच. बुलबुलाचा डोळा काळा, भोवती कडं नाही. साध्या साळुंकीला डोळ्यामागे पिवळी कातडी असते. पण फुलात तोंड घातलेल्या बुलबुलाच्या कपाळाला परागकण चिकटून पिवळेपणा येतो. तो विस्कटलेला दिसतो, कातडीची कडा मात्र रेखीव असते.

शिंजीर ओळखणं सोपं. तो जेमतेम 10 सेंटिमीटरचा, बुलबुलाच्या निम्मा, आणि चोच बारीक, खाली वाकलेली. फक्त पक्षी थेट कॅमेऱ्याकडे बघत असेल तर तो बाक दिसत नाही, तेव्हा बाजूने घेतलेला दुसरा फोटो टाका.