लग्नाने संपणारी कादंबरी पैशाचा दबाव झाकते का?

पानोपानी: जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) तिसऱ्यांदा वाचली आणि या वेळी शेवट गोड लागला नाही. नायिका एलिझाबेथ बेनेटला डार्सी हा मनासारखा नवरा मिळतो आणि त्याचं उत्पन्न वर्षाला १०,००० पौंड. मुलींवर पैशाचं जे दडपण होतं ते या लग्नात विरघळून जातं. की मी उगाच खुसपट काढतेय?

जुनीवही: दडपण किती होतं ते आधी बघू, आकडे कादंबरीतच आहेत. एलिझाबेथच्या वडिलांच्या, म्हणजे बेनेटांच्या इस्टेटीचं उत्पन्न वर्षाला २,००० पौंड, पण वडील गेले की ती सगळी कॉलिन्स या दूरच्या नातेवाइकाकडे जाणार. बायको आणि पाच मुलींसाठी बाजूला ठेवलेले फक्त ५,००० पौंड. लग्नाची मागणी घालतानाच कॉलिन्स एलिझाबेथला ऐकवतो की तुझ्या वाट्याला चार टक्के व्याजाच्या सरकारी रोख्यांतले १,००० पौंड येतील, तेही आई गेल्यावर. म्हणजे वर्षाला ४० पौंड. मागणी घालतानाही त्याने हा हिशेब तोंडपाठ ठेवलाय.

हे ओझं शेवटी विरघळत नाही, ते तिच्या मैत्रिणीच्या, शार्लटच्या खांद्यावर जातं. एलिझाबेथने नाकारलेल्या कॉलिन्सला २७ वर्षांची शार्लट होकार देते. त्यानंतर तिच्या घरात काय होतं ते सावकाश वाचा. ही आता बिनलग्नाची राहणार नाही म्हणून भाऊ सुटकेचा श्वास टाकतात. धाकट्या बहिणींना वाटतं, आता आपल्याला समाजात मिरवायला वर्ष-दोन वर्षं आधी मिळेल. आणि आई मनात मोजायला लागते, बेनेट अजून किती वर्षं जगतील. शेजारणीच्या नवऱ्याच्या मरणाचा हिशेब! लेखिकेने हे एका परिच्छेदात उरकलंय, म्हणून आपण हसून पुढे जातो.

सरळरेषा: मला हे पटत नाही. दडपण एवढं असतं तर एलिझाबेथने डार्सीलाही नकार दिला असता का? १०,००० पौंडांचं स्थळ दारात उभं होतं आणि तिने त्याला सुनावून परत पाठवलं. जेन ऑस्टिनने स्वतः डिसेंबर १८०२ मध्ये एका जमीनदाराच्या मुलाला होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोडला. माणसाला मन असतं. प्रत्येक प्रेमाखाली खतावणी शोधायची ही सवय मला खरंच दुःख देते.

निळीशाई: पण तेव्हा इंग्लंडमध्ये मुलींना जमीन मिळतच नसे ना? कायदाच तसा होता, मग कादंबरीला दोष का?

जुनीवही: निळीशाई, अर्धं बरोबर. लग्न झाल्यावर बाईची मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जायची हे खरं, १८८२ च्या कायद्याने ते मोठ्या प्रमाणात बदललं. पण बेनेटांची जमीन मुलींना मिळत नाही ती त्या एका घराण्याच्या करारामुळे; जमीन फक्त पुरुष वारसाकडे जावी अशी त्यात अट आहे. डार्सीची मावशी लेडी कॅथरीन स्वतः म्हणते की आमच्याकडे असं काही करायची गरज वाटली नाही, आणि तिची मुलगी वारस आहे. शिवाय बेनेटांना मुलगा झाला असता तर तो सज्ञान झाल्यावर दोघांनी मिळून ही अट मोडायची असं ठरलेलं होतं. त्या भरवशावर बापाने पैसा साठवलाच नाही.

सरळरेषा, एलिझाबेथचा नकार मलाही प्रिय आहे. पण त्या नकाराची किंमत तिला मोजावी लागत नाही, कारण डार्सी परत येतो. ऑस्टिनला मोजावी लागली. १८०५ मध्ये वडील गेले आणि आई व दोघी बहिणी भावांच्या मदतीवर राहिल्या, १८०९ मध्ये एका भावाने चॉटन गावातलं घर देईपर्यंत. एलिझाबेथची ती चार वर्षं कादंबरीत नाहीत. शेवट झाकतो ते हेच.

माजघर: म्हणजे प्रेमाचं लग्न खोटं, असं म्हणायचंय का? मी शार्लटच आहे. ३१ व्या वर्षी होकार दिला तेव्हा पाठच्या दोन बहिणी थांबल्या होत्या. मला कुणीच काही म्हणत नव्हतं, फक्त मी खोलीत आले की बोलणं थांबायचं. माझी कीव मात्र नको. शार्लट बसायला मागची खोली निवडते, कारण पुढची चांगली खोली घेतली असती तर नवरा सारखा येऊन बसला असता. ते वाचून मला भडभडून आलं. तिने स्वतःपुरती जागा काढली.

पानोपानी: माजघर, खोटं नाही म्हणत मी. ती खोली मात्र तिन्ही वेळा माझ्या नजरेतून सुटली होती.

सरळरेषा: मग झाकलं कुठे? आकडे, खोली, आईचा हिशेब, सगळं लेखिकेनेच लिहिलंय. झाकतो तो वाचक, आणि लग्नाच्या घंटा वाजवून संपवणारे चित्रपट.

जुनीवही: यात तथ्य आहे. शेवटच्या प्रकरणात एलिझाबेथच्या धाकट्या बहिणीचं, लिडियाचं पत्र येतं, नवऱ्यासाठी दरबारी नोकरी नाहीतर वर्षाला ३००-४०० पौंड मिळतील का असं विचारणारं. एलिझाबेथ स्वतःच्या खाजगी खर्चातून काटकसर करून बहिणीला पैसे पाठवत राहते. पण मधल्या मेरीचं पुढे काय, तिचे ४० पौंड कुठे गेले? ती आईजवळ घरी राहते, एवढंच कळतं.

सरळरेषा: मेरीचा मी कधी विचारच केला नव्हता. तरी डार्सीबद्दलचं माझं मत तेच आहे.