मदत हवी आहे: आकृतीखालची ओळ "एकटी वाचून कळत नाही" म्हणे

पऱ्हाटीवाला:
राजेहो, आर्वीकडच्या शेतांत कामगंध सापळे लावून गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजले, पेपर लिहिला, तो परत आला. शेरा आकृती 2 वर. माझी ओळ अशी:

"आकृती 2: T1 व T2 मधील पतंगांची आठवडानिहाय संख्या."

T1 म्हणजे मागच्या हंगामात फरदड न घेतलेली शेतं, T2 म्हणजे घेतलेली, हे दोन पानं आधी लिहिलंय. तेच पुन्हा लिहायचं काऊन?

सालई:
सरळ निष्कर्षच टाका ना भाऊ. "T1 मुळे पतंग लक्षणीय घटले." लोक तेवढंच वाचतात.

बांधावरची_बाई:
लोक तेवढंच वाचतात हे खरं, म्हणूनच "T1" चालत नाही. आमच्याकडचे कृषी सहायक मोबाइलवर पेपर उघडतात, गोषवारा वाचून थेट चित्रावर जातात. तुमचा आकडा एका सापळ्याचा एका रात्रीचा, की आठवड्याचा?

पऱ्हाटीवाला:
सापळ्यामागे आठवड्याची बेरीज.

बांधावरची_बाई:
मग गोची तिथेच आहे. फवारणीची पातळी सगळ्यांना पाठ असते: सापळ्यामागे रात्रीला 8 पतंग, सलग 3 रात्री. तुमच्या आलेखात 40 दिसले की माणूस म्हणेल, पातळी पाचपट ओलांडली. प्रत्यक्षात रात्रीला सरासरी सहासुद्धा नाहीत. ते उभे दांडे कशाचे?

पऱ्हाटीवाला:
प्रमाण त्रुटीचे. दोन्ही गटांत 9-9 शेतं, शेतात एक सापळा.

बांधावरची_बाई:
9 शेतं म्हणजे प्रमाण त्रुटी प्रमाण विचलनाच्या एक तृतीयांश. कोणते दांडे ते सांगितलं नाही, तर शेताशेतांत फरकच नव्हता असं वाटेल. मी अशी लिहीन:

"आकृती 2. मागील हंगामात फरदड न घेतलेल्या (पोकळ ठिपके) व घेतलेल्या (भरीव ठिपके) शेतांतील गुलाबी बोंडअळीचे नर पतंग, आर्वी तालुका, ऑगस्ट ते नोव्हेंबर 2023. ठिपका: एका सापळ्यात रात्रीला आलेल्या पतंगांची आठवड्याची सरासरी, प्रत्येक गटात 9 शेतं. दांडे: प्रमाण त्रुटी. तुटक रेघ: 8 पतंग, फवारणीची पातळी."

आलेखातले आकडेही सातने भागा, नाहीतर ओळ एक सांगेल आणि चित्र दुसरं. सालई, "लक्षणीय" लिहायचं तर कोणत्या चाचणीने तेही लिहावं लागतं. आणि "T1 मुळे" तर नकोच, फरदड न घेणारे शेतकरी इतर गोष्टीही वेगळ्या करत असतील.

सालई:
पण काही नियतकालिकं निष्कर्षाचंच शीर्षक मागतात.

बांधावरची_बाई:
मागतात. तिथे "पतंग कमी आढळले" एवढंच म्हणावं.

गुरुजी_वणी:
माझेही आकृतीचे नंबर असेच चुकत होते. वर्डमध्ये Ctrl+A करून F9 दाबा, जुळतात.

पऱ्हाटीवाला:
गुरुजी, नंबर बरोबर आहेत हो 😄 ताई, तारखा मात्र विसरलोच होतो, तुम्ही अंदाजाने टाकल्या त्या जुळवून घेतो. आता तक्ता 3. सरासरीपुढे a, b अक्षरं आहेत, त्याचा अर्थ वरच्या शीर्षकात की खाली टीप म्हणून?

बांधावरची_बाई:
मी खाली टाकते: एकच अक्षर असलेल्या सरासऱ्यांत फरक सिद्ध झालेला नाही, कोणती चाचणी, किती टक्के पातळी. शीर्षकात कोंबलं की ते कोणी वाचत नाही.

सालई:
आमच्या गाईडला शीर्षकातच लागतं.