'स्ट्रॅडल' आणि 'स्ट्रँगल' यांना मराठीत काय म्हणावे?

रत्नागिरीकर: शेअर बाजारातील ऑप्शन्सवरच्या, गुंतवणूकदारांसाठीच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करताना मी लाँग स्ट्रॅडलला 'दुपायी' आणि लाँग स्ट्रँगलला 'गळफास' असे लिहिले. संपादकांनी दोन्ही शब्द खोडले. दोन्हींत कॉल, म्हणजे ठरल्या भावाने खरेदीचा हक्क, आणि पुट, म्हणजे तसाच विक्रीचा हक्क, विकतच घ्यायचे असल्याने एकच शब्द पुरेल, असा त्यांचा शेरा आहे. तो योग्य आहे काय?

देवगडकर: 'दोन डगरींवर पाय' हा आपला वाक्प्रचार असताना दुपायी कशाला? स्ट्रँगल म्हणजे तेच, पण स्वस्तात. पैसे कमी गुंतल्यामुळे अर्थसंकल्पाच्या दिवशी भाव थोडा हलला तरी वसुली होते.

मालवणकर: स्वस्त हे खरे, परंतु वसुलीचे आपण उलटे सांगितलेत. समजा, निर्देशांक 24,000 वर आहे. त्याच स्ट्राइकचा, म्हणजे त्याच ठरल्या भावाचा, कॉल 240 ला आणि पुट 220 ला घेतला, तर खर्च 460. म्हणजे एक्स्पायरीला, मुदत संपते त्या दिवशी, भाव 24,460 च्या वर किंवा 23,540 च्या खाली हवा. आता 24,300 चा कॉल 120 ला आणि 23,700 चा पुट 110 ला घ्या. खर्च निम्मा, 230; पण भावाने आधी स्ट्राइकपर्यंतचे 300 चालायचे आणि मग 230 भरून काढायचे, म्हणजे एकूण 530. भाव 500 हलला, तर स्ट्रॅडलवाल्याला 40 मिळतात आणि स्ट्रँगलवाल्याचे 30 जातात. शिवाय भाव मधल्या 600 च्या पट्ट्यात कोठेही थांबला, तर स्ट्रँगलचे सगळे पैसे बुडतात. स्ट्रॅडलचे सगळे बुडायला भाव नेमका 24,000 वरच यावा लागतो. म्हणून एकच शब्द चालणार नाही.

गुहागरकर: माझा प्रश्न शब्दाचा नाही. मी स्ट्रँगलची हीच जोडी अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी 230 ला घेतली, भाव 200 नी वर गेला, तरी दुसऱ्या दिवशी दोन्हींचे मिळून 90 च का उरले?

मालवणकर: ताई, आदल्या दिवशीच्या प्रीमियममध्ये अनिश्चिततेची किंमत भरलेली असते, घोषणा झाली की ती ओसरते आणि पुट तर जवळजवळ संपतोच. ते 530 एक्स्पायरीच्या दिवसाचे गणित आहे. त्याआधी विकणाऱ्याला ते जसेच्या तसे लागू होत नाही. अनुवादात 'एक्स्पायरीला' हा शब्द गाळू नये.

देवगडकर: गणित मान्य आहे. पण 'गळफास' वाचून गिऱ्हाईक पळून जाईल! होडीला तोल देणारी 'उलांडी' घ्या. ती होडीपासून लांब असते, जसे ते दोन स्ट्राइक चालू भावापासून लांब असतात.

वेंगुर्लेकर: उलांडी एकाच बाजूला असते. येथे दोन्ही बाजूंना पैसे मोजले आहेत. आणि ज्याला हा व्यवहार करायचा आहे, त्याला पडद्यावर 'स्ट्रँगल'च वाचावे लागणार आहे. तो उलांडी कोठे शोधणार?

रत्नागिरीकर: मग 'गळफास' ठेवू की काढू?

देवगडकर: उलांडी दोन्ही बाजूंना लावलेल्या होड्याही असतात.